पाणी भरण्यावरून रूम पार्टनरला मेसेज टाकायचा आहे, टोमणा काढून सरळ कसा लिहू?

तूरडाळ_तडका
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी करून राहिलो. किरायाच्या दोन खोल्या, मी अन् एक रूम पार्टनर. तो मेडिकलच्या दुकानात कामाला, रात्री अकराच्या आत येत नाही. मी पंचायत समितीत कंत्राटी ऑपरेटर. नळ चौथ्या दिवशी येतो, पहाटे पाचच्या सुमारास, पाऊण तास. तेवढ्यात दोनशे लिटरचे दोन ड्रम भरायचे. एक निळा, एक काळा. उठतो कोण? मीच.

काल रात्री मी झोपल्यावर त्यानं कूलर काठोकाठ भरला. आधी काळा ड्रम संपवला, मग निळ्याला हात घातला. सकाळी माझ्या आंघोळीला तळाचा गाळ. तोंड धुऊन ऑफिसला गेलो, बेचाळीस डिग्रीत. रागारागात हे लिहून ठेवलं आहे, अजून पाठवलं नाही:

"राजेसाहेब, कूलरच्या गार हवेत झोप छान लागली असेलच. आम्ही नोकर माणसं पहाटे पाचला उठून पाणी भरतो, आपण ते निवांत कूलरमध्ये ओता. पुढच्या वेळी नळालाच सांगतो, साहेब उठल्याशिवाय येत जाऊ नको. आभारी आहे." शेवटी हात जोडलेले दोन.

वाचून मलाच मजा आली, पण हे गेलं की भांडण होणार हे कळते. अजून वर्षभर सोबत राहायचं आहे. हेच सरळ कसं लिहावं?

वणीचा_पोट्टा
मेसेज एक नंबर आहे भाऊ. त्यात एक अक्षर बदलवू नको. 😄

अन् खरं सांगू का, मेसेज कायले पायजे? रात्री आला की समोर बसव अन् बोल. दोन माणसं एका खोलीत राहून व्हॉट्सअपवर बोलून राहिले, हे काय होय बाप्पा.

तूरडाळ_तडका
तो येतो तेव्हा मी झोपलेला असतो. मी निघतो तेव्हा तो झोपलेला असतो. रविवारी मी गावी जातो. बोलायला भेटच होत नाही, म्हणून मेसेज.

मोर्शीचा_घरमालक
कूलर कोणता आहे? लोखंडी बॉडीचा मोठा असेल तर पाणी ओढणारच. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मोठा कूलर तासाला पाच-दहा लिटर सहज पितो, गवताच्या जाळ्या नव्या असतील तर जास्तच. तुमच्या पार्टनरने मुद्दाम केले नसेल. रात्री टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरून जळतो, म्हणून माणूस काठोकाठ भरून झोपतो. बॉलकॉक बसवून घ्या, म्हणजे सांडत नाही.

तूरडाळ_तडका
काका, कूलरचं नाही विचारलं, मेसेजचं विचारलं आहे.

वसतिगृहाच्या_काकू
थांबा, घरमालक काकांचं उत्तर वाया घालवू नका, त्याच्याकडे मी येणारच आहे.

मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहात गृहप्रमुख होते, वर्धा जिल्ह्यात. एका खोलीत चार मुली, त्यांच्या चिठ्ठ्या, नंतर त्यांचे मेसेज, सगळं माझ्या टेबलावर यायचं. तुझा मेसेज मी दोनदा वाचला आणि एकच गोष्ट शोधली: त्यानं नेमकं काय करावं, हे त्यात कुठं लिहिलं आहे? कुठंच नाही. चार वाक्यं आहेत आणि एकही मागणी नाही. टोमण्याची खरी अडचण हीच असते. तो लागतो, पण समोरच्याच्या हाती काम काही देत नाही. तुझा पार्टनर भला माणूस असला आणि त्याला सुधारायचं असलं, तरी हा मेसेज वाचून तो काय करेल? पहाटे उठेल, कूलर बंद ठेवेल, की पाण्याचे पैसे देईल? त्याला कळणारच नाही.

आता तो उत्तर कशाला देईल ते बघ. "आम्ही नोकर माणसं" हे त्याला सगळ्यात जास्त बोचेल. तो म्हणेल, "मी तुला नोकर कधी म्हटलं?" आणि ते खरंच आहे, त्यानं म्हटलेलं नाही. मग तुम्ही नोकर या शब्दावर भांडाल आणि ड्रम बाजूला राहील. टोमण्यात आपण दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालतो, आणि तो तेवढंच धरून बसतो.

एरवी तू त्याला काय म्हणतोस?

तूरडाळ_तडका
"भौ". अरे-तुरे. तो पण मला भौ म्हणतो.

वसतिगृहाच्या_काकू
मग पहिलाच शब्द भांडणाचा झाला. रोजचा "भौ" एका रात्रीत "राजेसाहेब" आणि "आपण" झाला की पुढचं वाचायच्या आधीच माणूस बाह्या सरसावतो. आपल्याकडे राग आला की मान वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जोडलेले हात आणि "आभारी आहे" त्याच जातीचे. रोज ज्या नावानं हाक मारतोस त्याच नावानं सुरू कर आणि हात काढून टाक.

आता असं कर. तुझ्या प्रत्येक वाक्याच्या खाली लिही की त्यामागं खरी तक्रार काय आहे. घरमालकाला घडलेली गोष्ट सांगावी तशी. "झोप छान लागली असेल" याखाली काय येईल? "कूलरमध्ये ओता" याखाली? "नळाला सांगतो" याखाली? करून इथं टाक.

निळाई_अमरावती
काकू छान सांगत आहेत. मला वाटतं सगळ्यात सुरक्षित म्हणजे कोणाचं नावच घ्यायचं नाही. उदा. "पाणी जपून वापरावे. आंघोळीसाठी पाणी शिल्लक राहील याची कृपया काळजी घ्यावी." यात आरोप नाही, टोमणा नाही, वाईट कोणाला वाटणार?

वणीचा_पोट्टा
हे तं नगर परिषदेची दवंडी वाटून राहिली ताई. फक्त हुकमावरून म्हणायचं बाकी आहे.

वसतिगृहाच्या_काकू
निळाई, अर्धं बरोबर आहे तुझं. आरोप काढलास हे चांगलं केलं. चाळीस मुलींच्या न्हाणीघराबाहेर मी असंच लिहून लावायची आणि ते चालायचं, कारण तिथं "कोणी" म्हणजे खरंच कोणीही असतं. इथं खोलीत माणसं दोन. एकानं लिहिलं की "काळजी घ्यावी", तर ती कोणी घ्यायची हे उघड आहे. नाव टाळलं म्हणून बोट दुसरीकडे वळत नाही, उलट माणसाला वाटतं, हा माझ्याशी बोलायलाही तयार नाही. आणि "जपून" म्हणजे किती? दोन बादल्या की दहा?

नाईट_ड्युटी
मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, गडचिरोली जिल्ह्यात. क्वार्टरमध्ये आम्ही दोघी. माझं उलटंच झालं होतं. ती स्वयंपाक केला की ओट्यावर पिठाचा सडा. मी लिहिलं, "आज रांगोळी फारच सुंदर काढलीस." तिनं अंगठा दाखवला आणि लिहिलं, "थँक्यू ताई, दारातली ना?" त्या दिवशी तिनं दारात खरंच रांगोळी काढली होती! मी दोन दिवस धुसफुसत होते आणि तिला पत्ताच नाही. म्हणजे टोमणा मारून राग तर गेला नाहीच, ओटाही मलाच पुसावा लागला.

वर्ध्याची_वाचक
नाईट_ड्युटी, हे संशोधनातही दिसलं आहे. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही वाक्यं उपहासानं आणि काही गंभीरपणे ईमेलवर लिहायला लावली आणि लिहिणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला किती वेळा बरोबर कळेल? त्यांचा अंदाज होता शंभरात साधारण 78. प्रत्यक्षात कळलं 56 च्या आसपास. डोळे मिटून अंदाज बांधला तरी निम्मं बरोबर येतं, म्हणजे जवळपास काहीच कळलं नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज वाजत असतो, वाचणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही.

वणीचा_पोट्टा
पण राजेसाहेबवाला मेसेज कोणाले नाई कळणार? आंधळ्याले पण कळन.

वर्ध्याची_वाचक
ते खरं. हा इतका जाड आहे की चुकणार नाही. अभ्यासातली वाक्यं साधी होती. म्हणजे हलका टोमणा कळत नाही आणि जाड टोमणा कळला तर भांडण होतं. मधली जागा फार अरुंद आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

तूरडाळ_तडका
काकू, गृहपाठ केला.

झोप छान लागली असेल – मी पाचला उठतो अन् तू झोपलेला असतो, पाळी लावायला पायजे.
कूलरमध्ये ओता – माझ्या आंघोळीचं पाणी गेलं.
नळाला सांगतो – इथं काही निघालंच नाही. नुसतीच मजा होती.

अन् त्यावरून हा नवा मेसेज:

"भौ, रागावू नको, पण तू नेहमीच रात्री पाणी संपवतो. तुला उशीर होतो हे मला समजते, पण नोकरी मलाही आहे. थोडा दुसऱ्याचा विचार केला तर बरं होईल."

नाईट_ड्युटी
"रागावू नको" वाचलं की मी तर आधीच रागावते.

वसतिगृहाच्या_काकू
हो, ते पहिलं काढ. मग "नेहमीच". तो लगेच आठवेल की मागच्या आठवड्यात एक दिवस त्यानं कूलर लावलाच नव्हता, आणि तो तेच तुझ्या तोंडावर मारेल. "काल रात्री" लिही. कालचं तो नाकारू शकत नाही, ड्रम रिकामा आहे.

"मलाही" मधल्या शेवटच्या अक्षरात सगळा जुना टोमणा येऊन बसला आहे. "मी दहाला ऑफिसला पोचतो" एवढं म्हटलं की तेच सांगून होतं आणि कोणाशी बरोबरीही होत नाही.

आणि "थोडा दुसऱ्याचा विचार". मी मुलींना विचारायची, तिनं विचार केला की नाही हे तू उद्या सकाळी कसं पाहणार? पाहता येत नाही ना? मग ती मागणी नव्हे, तो तिच्या स्वभावावर शेरा झाला. ड्रममध्ये पाणी आहे की नाही हे पाहता येतं. ते माग.

आता घरमालक काकांकडे येऊ. त्यांनी सांगितलं की कूलर रात्रभर किती पितो आणि माणूस तो काठोकाठ का भरतो. तुझ्या पार्टनरला पंप जळायची भीती असेल, किंवा कूलरला इतकं लागतं हे त्याला ठाऊकच नसेल, तर त्यानं तुझं पाणी मुद्दाम संपवलं हा तुझा अंदाजच चुकीचा ठरतो. आणि टोमणा उभा असतो त्या अंदाजावर. तो काढला की बोलायला काय उरतं? रात्री कूलरमध्ये किती पाणी टाकायचं, एवढंच. ते सोपं आहे.

मोर्शीचा_घरमालक
तेच म्हणत होतो. रात्री दोननंतर हवा उतरते, मग पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाणी पुरते. आणि काचेच्या नळीत पाणी दिसते का पाहा, काही कूलरला असते.

तिखट_मिरची
सगळ्यांचं ऐकून राहिली मघापासून. मले हे पटत नाई. आपल्या वऱ्हाडात टोमणा मारला नाई तं माणूस परका वाटते. माझी मैत्रीण अन् मी सहा वर्षं एका खोलीत होतो, आर्वीला. ती म्हणायची "महाराणी, चहाचं भांडं तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलं आहे", मी हसत उठायची. तिनं कधी असं सरळ "चहाचं भांडं घासशील का" लिहिलं असतं, तं मले वाटलं असतं हिचं काही बिनसलं. तुम्ही सगळे मिळून पोराच्या मेसेजचा अर्ज करून ठेवसान.

वसतिगृहाच्या_काकू
मिरची, ते समोरासमोर होतं ना? तिचं तोंड दिसत होतं, तू उठलीस हे तिला दिसत होतं. आणि एक सांग, चहाच्या भांड्यावरून तुमचं आधी काही साचलेलं होतं का?

तिखट_मिरची
साचलेलं नव्हतं. पण मेसेजवर पण मारायचो आम्ही. चालायचं.

वसतिगृहाच्या_काकू
चालत असेल. जिथं मनात काही नाही तिथं चालतं. याच्या मनात उन्हाळाभराच्या पहाटा साचलेल्या आहेत.

तिखट_मिरची
ठीक आहे. पण एकदा सरळ लिहायची सवय लागली की गंमत जाते, हे माझं म्हणणं मी सोडणार नाई.

निळाई_अमरावती
मला वाटतं दोन तक्रारी एका मेसेजमध्ये नकोत. आंघोळीचं पाणी आजच्या रात्रीचं आहे. पाळीचं पुढच्या नळाला बघता येईल.

वसतिगृहाच्या_काकू
हे अगदी बरोबर. मात्र इथं पाणी एकच आहे, तेव्हा पाळीचं शेवटी एका ओळीत विचारलं तर चालेल, पण प्रश्न म्हणून, आणि त्याला नाही म्हणायला जागा ठेवून. "उठशील का" लिहायचं आणि नाही म्हटल्यावर फुगायचं, असं असेल तर ती विनंती नव्हती. तसं असेल तर आत्ता विचारूच नको.

तूरडाळ_तडका
तिसरा खर्डा:

"भौ, काल रात्री दोन्ही ड्रम कूलरमध्ये गेले, सकाळी मला आंघोळीला पाणी उरलं नाही, तसाच ऑफिसला गेलो. नळ आता शुक्रवारी येईल. तोवर शेजारून चार बादल्या आणल्या आहेत, त्या आंघोळीच्या. शुक्रवारपासून निळा ड्रम आंघोळीला ठेवू अन् कूलरला काळ्यातलंच पाणी घेऊ. रात्री दोननंतर पंप बंद केला तर तेवढं पुरते म्हणतात. अन् शुक्रवारी पहाटे पाइप तू लावशील का? नाही जमत असेल तर सांग, दुसरं काही ठरवू."

वर्ध्याची_वाचक
"तसाच ऑफिसला गेलो" ठेवायचं का? थोडं रडगाणं वाटतं.

नाईट_ड्युटी
राहू द्या. पाणी संपल्यानं याचं काय झालं हे नाही सांगितलं तर त्याला वाटेल नुसताच हिशेब मांडतोय.

वसतिगृहाच्या_काकू
मीही ठेवेन. झालेली गोष्ट आहे, त्यात विशेषण नाही. "घामेजलेला, वास मारत" असं लिहिलं असतंस तर काढायला सांगितलं असतं.

एकदा मोठ्यानं वाच, तुला सगळ्यात जास्त राग येतो तेव्हाच्या आवाजात. त्या आवाजातही वाक्य वाकडं झालं नाही तर पाठव. "म्हणतात" वर मला शंका आहे, कोण म्हणतात? गावभर चर्चा केली असं वाटेल. "पुरेल बहुतेक" कर.

आणि पहाटे पाठवू नको. तो उठल्या उठल्या पहिलं हेच वाचेल.

तूरडाळ_तडका
दुपारी तीनला पाठवतो. तेव्हा दुकानात गर्दी नसते, तो तेव्हा रील पाहत बसतो. तेवढं "म्हणतात" बदललं.

वणीचा_पोट्टा
अन् ते राजेसाहेबवालं आधी नोट्समधून डिलीट मार. चुकून तेच पेस्ट होईल. पाठवून डिलीट केलं तरी "मेसेज डिलीट केला" असं तिथं दिसत राहते, मग तो रातभर इचारत बसन का होतं म्हणून.

तूरडाळ_तडका
(दुसऱ्या दिवशी) पाठवला होता. पाऊण तासानं उत्तर आलं, जसंच्या तसं देतो:

"अरे सॉरी भौ मला वाटलं निळा पण कूलरचाच. पंपाचं ठीक आहे. पहाटे उठणं नाही होत बे, अकराला येतो अन् झोपायला एक वाजते. पिण्याच्या कॅनचे अन् गॅसचे पैसे पूर्ण मी देतो, नळ तू पाहा. चालते का"

भांडण नाही झालं. पण आता यावर काय म्हणू? पैसे वाचतात, पण पहाट माझीच गेली.

वणीचा_पोट्टा
हो म्हण. गॅस फुकट!

नाईट_ड्युटी
हो म्हणू नका. दोन महिन्यांनी पुन्हा तोच राग येईल, आणि तेव्हा तो म्हणेल, मी पैसे देतो ना.

निळाई_अमरावती
मला तर वाजवी वाटतं. त्याची झोपही झोपच आहे.

वसतिगृहाच्या_काकू
हे आम्ही ठरवू शकत नाही. तुला पैसे हवेत की झोप, ते तुलाच माहीत. फक्त "चालते" लिहून आत धुसफुसू नको, नाहीतर महिनाभरात राजेसाहेब परत येतील. अर्धं मान्य असेल तर अर्धंच मान्य कर. आठवड्यात त्याची सुट्टी कधी?

तूरडाळ_तडका
दुकान रविवारी बंद असते. अन् रविवारी मी गावी असतो, म्हणजे नळ रविवारी आला तर कोणी भरतच नाही, आत्ता लक्षात आलं. हे लिहू का: "भौ, कॅन अन् गॅसचं चालते. पण रविवारी नळ आला तर मी गावी असतो, तेवढा तू भरशील का? दुपारपर्यंत झोप मग."

तिखट_मिरची
"दुपारपर्यंत झोप मग" हा टोमणा होय बरं.

तूरडाळ_तडका
नाही ना, खरंच म्हणून राहिलो. सुट्टी आहे, झोपू दे म्हटलं.

वर्ध्याची_वाचक
पाहा, आम्हालाच कळेना. काढूनच टाक.

तिखट_मिरची
ठेव रे. आता साचलेलं नाई काही.

वसतिगृहाच्या_काकू
मी असते तर काढलं असतं. पण तो तुझा भौ आहे, तू ठरव.

तूरडाळ_तडका
काढलं. पाठवलं. निळी टिक आली आहे, उत्तर नाही अजून.

मोर्शीचा_घरमालक
बॉलकॉक बसवला का?